नव्वद टक्के मिळवलेल्या पोराला कुकर लावता येतो का?

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्स लागतात. हार घातलेला पोरगा, खाली टक्के, त्याखाली चुलते-मामे-मित्रमंडळाची नावं. दोन महिन्यांनी हाच पोरगा ट्रंक, गादी आणि आईनं दिलेला लाडवांचा डबा घेऊन पुण्याच्या गाडीत बसतो. लाडू आठवड्यात संपतात. पुढं काय, याची घरात एकदाही चर्चा झालेली नसते.

झाली तरी ती एका वाक्यात आटोपते. "मेस लावू की!" लावा. पण मेस रविवारी संध्याकाळी बंद असते, दिवाळीत मावशी गावी जातात, परीक्षेच्या आधी तीन दिवस पोट बिघडलेलं असतं तेव्हा मेसची तर्रीवाली भाजी घशाखाली उतरत नाही. त्या दिवशी मऊ भात आणि साधं वरण लागतं. ते ज्याला करता येत नाही, तो पोरगा बिस्किटांवर दिवस काढतो आणि घरी फोनवर सांगतो, "जेवलो."

माझा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. पहिली, "तू फक्त अभ्यास कर" हे वाक्य. याला आपण माया समजतो. खरं तर आपण पोराला सांगत असतो की तुझं ताट वाढणं, उचलणं, घासणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे. अठरा वर्षं रोज ऐकलं की ते हाडात मुरतं. दुसरी, जायच्या आदल्या आठवड्यात घाईघाईनं शिकवलेले पोहे आणि अंड्याची भुर्जी. पदार्थ करता येणं वेगळं आणि स्वयंपाकघर चालवता येणं वेगळं. चालवणारा बघतो की डाळ किती उरली, दूध आज तापवलं नाही तर उद्या फाटेल, उरलेल्या भाताचं काय करायचं.

त्या उरलेल्या भाताचीच गोष्ट सांगतो. ओळखीच्या घरातला पोरगा. चौघांत एक खोली, एक कुकर, फ्रिज नाही. एप्रिलचा महिना. रात्री दोघं जेवायला येणार नव्हते, तरी नेहमीसारखा चार वाट्या तांदूळ लावला. निम्मा भात कुकरमध्येच, झाकण लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी वासही बरा होता, म्हणून कांदा घालून फोडणी दिली आणि खाल्ला. तीन तासांत दोघांना उलट्या सुरू. सलाईन लागली. दुसऱ्या दिवशीचा पेपर बुडाला. घरच्यांनी खापर पाण्यावर फोडलं.

पाण्याचा दोष असेलही, पण माझा संशय भातावर आहे, आणि त्याचं कारण प्रत्येक पोराला माहीत असावं. तांदळात एका जिवाणूची बीजं असतात, ती भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासनतास राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. हे विष वासावरून कळत नाही आणि फोडणी दिली, परत गरम केलं, तरी जात नाही. झाकण लावलेला कुकर उन्हाळ्यात भात कितीतरी वेळ कोमट ठेवतो. खबरदारी साधी आहे. उरलेला भात लगेच परातीत पसरून गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा. फ्रिज नसेल तर जेवणारी माणसं मोजून तेवढाच लावायचा. "आम्ही तर जन्मभर फोडणीचा भात खाल्ला" असं कुणी म्हणेल. खाल्ला, कारण घरात कुणीतरी माणसं मोजून तांदूळ घेत होतं आणि उरलेला भात रात्रीच काढून ठेवत होतं. ते कोण होतं, हे त्यांनी आठवून बघावं.

आता कुकर. दोन माणसांना एक वाटी तांदूळ, त्यात दोन वाट्या पाणी. दुसऱ्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ, दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि हिंग. डाळ आधी पंधरा-वीस मिनिटं भिजलेली असली तर उत्तम. कुकरच्या तळाला पाणी घालायला विसरायचं नाही, नवशिक्याची पहिली चूक तीच असते. झाकण लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघायची, कारण डाळीचा फेस सुकून ती बुजते. पहिली शिट्टी झाली की आच कमी, आणखी दोन-तीन झाल्या की बंद. शिट्टी होत नाही आणि वाफ कडेनं येते, म्हणजे रिंग सैल झाली आहे किंवा झाकण नीट बसलेलं नाही. करपल्याचा वास आला तर तळाचं पाणी संपलंय, गॅस आधी बंद. आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला जोर लावायचा नाही. घाईत तोंड-हात भाजतात ते इथंच.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि दिव्याचं किंवा पंख्याचं कुठलंच बटण दाबायचं नाही, चालूही नाही, बंदही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो. गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. केवढी ही माहिती? अर्ध्या पानाची. पण विचारून बघा आपल्या घरातल्या टॉपरला.

"अभ्यासाचा वेळ जातो" म्हणणाऱ्यांसाठी हिशोब. या सगळ्यात हाताला काम दहा-बारा मिनिटं, बाकी वेळ कुकर आपलं काम करतो. पोळ्या-भाकरी हाताला बसायला महिने लागतात, त्या सुरुवातीला विकत आणा, काही बिघडत नाही.

आता अवघड मुद्दा. हे सगळं बहुतेक घरांत मुलीला येतं. कशासाठी शिकवलं? "सासरी जायचंय." म्हणजे तिला स्वतःच्या पोटासाठी शिकवलंच नाही, आणि त्याला दुसऱ्याच्या जिवावर जगायला शिकवलं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होती, करणाऱ्या पुरुषाची ९७. आणि मुळात करणारे पुरुष होते शंभरातले सव्वीस, बायका एक्याऐंशी. हे आकडे लग्नाच्या दिवशी तयार होत नाहीत. ते दहावी-बारावीच्या वर्षात, "तू फक्त अभ्यास कर" म्हणत तयार होतात.

म्हणून "आईनं शिकवलं नाही" हे वाक्य मला मान्य नाही. तिच्या २९९ मिनिटांत आणखी एक शिकवणी घालू नका. बापानं ओट्यापाशी उभं राहावं. येत नसेल तर दोघांनी मिळून शिकावं.

करायचं काय? नववीपासून आठवड्यातलं एक रात्रीचं जेवण पोराच्या नावावर टाका, मुलगा असो की मुलगी. "मदत कर" म्हणू नका. मदत करणारा आवाज दिल्यावर येतो आणि कोथिंबीर निवडून जातो. बुधवार तुझा, म्हणजे काय करायचं ते तू ठरव, मंगळवारी डबे उघडून बघ, नसेल ते आण, शिजव, वाढ, भांडी घास, ओटा पूस, गॅसचा कॉक बंद कर. भात कच्चा राहिला तर सगळ्यांनी तो कच्चा भात खावा, आणि आईनं त्या दिवशी स्वयंपाकघरात पाय ठेवू नये. हे सगळ्यात अवघड आहे, मला कल्पना आहे. पण वर्षाला बावन्न बुधवार, चार वर्षांत दोनशे आठ. दोनशे जेवणं केलेल्या पोराला मेस बंद असल्याची भीती वाटत नाही.

पुढच्या जूनमध्ये फ्लेक्स जरूर लावा. फक्त त्याआधी घरी एकदा विचारा, आजचा कुकर कोण लावणार?