डार्क चॉकलेटमधलं दूध

दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला वाढदिवसाचा केक देता येत नाही, म्हणून कुणीतरी प्रेमाने डार्क चॉकलेट घेऊन येतं. पाकिटामागे कोको मास, साखर, कोको बटर आणि सोया लेसिथिन एवढंच छापलेलं असतं. दुधाचं नाव नसतं, म्हणून आजी, मावशी, आत्या सगळ्या निर्धास्त होतात. माझं मत असं आहे की अशा घरात सगळ्यात जास्त संशय घ्यावा तो याच पाकिटाचा.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या एका तपासणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाले. ९४ डार्क चॉकलेटांपैकी सहांच्याच घटकांत दूध नोंदवलेलं होतं. उरलेल्या ८८ पैकी ५१ मध्ये दूध निघालं. 'मे कंटेन मिल्क' अशा धर्तीची सूचना असलेल्या दर चारांपैकी तिनांत दूध होतंच. लेबलवर दुधाचा कुठेच उल्लेख नव्हता, त्यांतही तिनांत एकात ते सापडलं.

ही सगळी लबाडी नाही. बऱ्याच कारखान्यांत मिल्क चॉकलेट आणि डार्क चॉकलेट एकाच यंत्रावर निघतं, आणि ते यंत्र घरच्या भांड्यासारखं पाण्याने धुता येत नाही. वितळलेल्या चॉकलेटात थोडं पाणी शिरलं तरी ते आवळून गोळा होतं, आणि नळ्यांत ओल राहिली तर साल्मोनेलासारख्या जंतूंची भीती असते. म्हणून एक माल संपला की पुढचं चॉकलेट किंवा कोको बटर नळ्यांतून फिरवून आधीचं बाहेर काढतात. तरी कोपऱ्यांत थोडं मिल्क चॉकलेट चिकटून राहतंच, आणि ते सुरुवातीच्या वड्यांत जास्त उतरतं, नंतरच्या वड्यांत कमी. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन वड्यांत दूध कमी-जास्त असू शकतं. 'मागच्या वेळी खाल्लं तेव्हा काही झालं नव्हतं' हा पुरावा इथे चालत नाही.

आपल्याकडे एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार, दूध किंवा दुधाचा पदार्थ घटक म्हणून वापरला असेल तर 'कंटेन्स मिल्क' असं वेगळं छापणं बंधनकारक आहे. यंत्रातून नकळत मिसळणाऱ्या दुधासाठी मात्र 'मे कंटेन' छापण्याची मुभा आहे, सक्ती नाही. म्हणजे काळजी घेणारा उत्पादक सूचना छापतो, बेफिकीर गप्प बसतो, आणि दुकानात आईला गप्प बसलेलं पाकीट जास्त सुरक्षित वाटतं. मला हे धोकादायक वाटतं. सूचना सक्तीची हवी आणि ती किती दुधाला छापायची याचं प्रमाणही ठरलेलं हवं. असं प्रमाण काढता येतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाने दुधासाठी २ मिलिग्रॅम प्रथिन हा संदर्भ सुचवला आहे. इतकं प्रथिन दुधाच्या साधारण एका थेंबात असतं.

बाकीच्या खुणांवरही विसंबू नका. हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच, त्यात दूध चालतं. व्हीगन चिन्ह प्राण्यापासून मिळालेलं काही वापरलं नसल्याचं सांगतं, पण अ‍ॅलर्जीपुरती ती हमी नव्हे. लॅक्टोज-फ्रीमध्ये फक्त दुधातली साखर फोडलेली असते, आणि अ‍ॅलर्जी असते प्रथिनांची, जी तशीच राहतात. 'नॉन-डेअरी' क्रीमरमध्ये बहुतेकदा सोडियम केसिनेट असतं, ते दुधाचंच प्रथिन. मसाला चिप्सच्या मसाल्यात मिल्क सॉलिड्स किंवा व्हे पावडर दडलेली असते, म्हणून घटकांच्या यादीतले कंससुद्धा वाचावे लागतात. उलट कोको बटर कोकोच्या बियांचं असतं आणि लॅक्टिक अ‍ॅसिड बहुधा दुधापासून बनवलेलं नसतं. या दोन नावांना बिचकून पाकीट परत ठेवायची गरज नाही.

अगदी लहान पुड्यांना घटकांची यादी छापण्यातून सूट आहे, ती यादी मोठ्या पाकिटावर असते. म्हणून पाकिटातून काढून हातावर ठेवलेली सुटी चॉकलेटं अशा मुलाला देऊ नका, देणारा कितीही जवळचा असो.

डार्क चॉकलेट द्यायचंच असेल तर पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर लिहा. 'यात दूध आहे का' असं विचारलं तर 'नाही' एवढंच उत्तर येतं. विचारायचं ते असं: याच यंत्रावर मिल्क चॉकलेट निघतं का, मध्ये यंत्र कसं साफ करता, आणि तयार वडीत दुधाचं प्रथिन तपासता का? उत्तर लेखी मागा. ते आलं नाही किंवा गुळमुळीत आलं, तर ते चॉकलेट त्या मुलासाठी नाही असंच धरा.