विश्लेषण : मसाल्याचा ब्रँड दुसऱ्याला वापरायला देताना करारात काय हवे?

जालन्यातल्या एखाद्या घरगुती मसाल्याला नाव मिळाले की काही वर्षांत नांदेड किंवा लातूरचा व्यापारी विचारतोच, ‘तुमच्या नावाने आमच्याकडे माल बनवू का?’ मालकाला नवा कारखाना टाकावा लागत नाही आणि दर तिमाहीला रॉयल्टी मिळते. प्रस्ताव आकर्षक असतो. पण यात मालक मसाला विकत नाही, तर पाकिटावरचा विश्वास दुसऱ्याच्या हाती देतो. तो परत मिळेल की नाही, हे ब्रँड परवाना करारातली तीन कलमे ठरवतात : दर्जा, प्रदेश आणि रॉयल्टी.

नेमके काय देता येते?

ट्रेडमार्क देता येतो. मसाल्याचे नाव ट्रेडमार्क कायद्याच्या 30 व्या वर्गात नोंदवले जाते. व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क 4,500 रुपये आहे, आणि नोंदणी 10 वर्षे टिकते. अर्ज केला म्हणजे नोंदणी झाली असे नव्हे. म्हणून करारात अर्ज क्रमांक आणि सद्यस्थिती स्पष्ट लिहावी.

गावाच्या नावाचे गणित वेगळे आहे. जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. या मानांकनाचा परवाना कोणालाही देता येत नाही, कारण कायद्याने ते एका मालकाचे नसते. त्या भागातला उत्पादक ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतः नोंदणी करतो. त्यामुळे मोसंबीचा स्क्वॅश विकणाऱ्याला स्वतःच्या ब्रँडचा करार करता येईल, ‘जालना मोसंबी’ या नावाचा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले आहे?

या विषयातला महत्त्वाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला. गुजरात बॉटलिंग ही कंपनी अहमदाबाद आणि राजकोट येथे गोल्ड स्पॉट, थम्स अप, लिम्का ही शीतपेये भरत असे. 1993 मध्ये हे ब्रँड पार्लेकडून कोका-कोलाकडे गेले. बॉटलिंग कंपनीशी 1993 मध्ये एक करार झाला, 1994 मध्ये दुसरा. पहिल्यात करार संपवण्यासाठी एक वर्षाची नोटीस होती, दुसऱ्यात 90 दिवसांची. 1995 च्या जानेवारीत कंपनीची सूत्रे पेप्सीशी संबंधित गटाकडे गेली. कंपनीने 90 दिवसांची नोटीस दिली आणि वाद पेटला.

ऑगस्ट 1995 मध्ये निकाल कोका-कोलाच्या बाजूने लागला. करार चालू असेपर्यंत स्पर्धकाचे पेय भरायचे नाही, ही अट न्यायालयाने वैध मानली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ब्रँड दुसऱ्याला वापरू देण्याच्या तीन कसोट्या मांडल्या. ग्राहकाची दिशाभूल होऊ नये, चिन्हाचे वेगळेपण नष्ट होऊ नये आणि माल व मालक यांच्यातला व्यापारी संबंध कायम राहावा. छोट्या ब्रँडसाठी हा संबंध टिकवण्याचा खरा मार्ग म्हणजे दर्जावरचे नियंत्रण.

दर्जाचे कलम कसे असावे?

‘माल चांगल्या दर्जाचा असेल’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते मोजता येत नाही. मिरची पावडरचे उदाहरण घ्या. अन्नसुरक्षा मानकांनुसार तिच्यात जास्तीत जास्त 11 टक्के ओलावा चालतो. ओलावा वाढला की पावडरीत गुठळ्या होतात, पुढे बुरशी धरते. मालक करारात 9 टक्के अशी कडक मर्यादा घालू शकतो. मग प्रत्येक बॅचची चाचणी कोण करणार, खर्च कोणाचा, नमुना किती महिने जपायचा आणि बॅच नापास झाली तर ती कोण उचलणार, हे लिहावे लागते. पूर्वसूचना न देता गिरणीत जाण्याचा हक्कही हवा.

हे कलम कागदावर असून भागत नाही, वापरावेही लागते. परवानाधारकाची ‘नोंदणीकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद असेल आणि दर्जाच्या अटी पाळल्या वा अमलात आणल्या जात नसतील, तर ती नोंद रद्द होऊ शकते. म्हणून प्रत्येक तपासणीचा अहवाल, तारीख आणि सही जपून ठेवावी.

शिवाय लेबलवर ब्रँड मालकाचे नाव, पत्ता आणि एफएसएसएआय परवाना क्रमांक असतो. बनवणारा वेगळा असेल तर त्याचाही क्रमांक लागतो. तक्रार आली की ग्राहक पहिला फोन जालन्यालाच करतो.

प्रदेश ठरवला की माल तिथेच राहतो?

नाही. ‘फक्त नांदेड जिल्हा’ ही अट परवानाधारकाला बांधते. पण त्याने रीतसर विकलेला माल घाऊक व्यापाऱ्याने जालन्यात आणून विकला, तर ट्रेडमार्क कायद्याच्या आधारे त्याला सहसा अडवता येत नाही. पाकीट फोडून भरले किंवा माल खराब झाला असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून जिल्ह्याबाहेरच्या व्यापाऱ्याला थेट माल द्यायचा नाही, ही बंदी स्वतंत्र लिहावी. ऑनलाइन विक्री कोण करणार, हेही ठरवावे. बॅच क्रमांकात नांदेडसाठी वेगळे अक्षर ठेवले, तर बाहेर सापडलेले पाकीट कुठून आले ते लगेच कळते.

रॉयल्टी कशावर मोजायची?

समजा, पाकिटाची एमआरपी 100 रुपये आहे आणि नांदेडचा उत्पादक ते घाऊक व्यापाऱ्याला जीएसटी वगळून 70 रुपयांना देतो. तिमाहीत 10,000 पाकिटे गेली. रॉयल्टी 4 टक्के. एमआरपीवर मोजली तर 40,000 रुपये होतात, बिलाच्या रकमेवर मोजली तर 28,000. करारात नुसते ‘विक्रीच्या 4 टक्के’ लिहिले, तर 12,000 रुपयांचा वाद दर तिमाहीला ठरलेला. जीएसटी वगळून, परत आलेला माल वजा करून उरलेली बिलाची रक्कम, अशी व्याख्या हवी. मालक जीएसटी नोंदणीकृत असेल तर या 28,000 रुपयांवर 18 टक्के, म्हणजे 5,040 रुपये वेगळे लागतात.

आकडा खरा कसा मानायचा? छापील पाऊच मालकाने स्वतःच्या छापखान्यातून द्यावेत. 10,500 पाऊच दिले, 10,000 विकले, 300 वाया गेले, 100 शिल्लक आहेत. तर उरलेले 100 कुठे गेले, हा प्रश्न हिशेबाची वही न उघडताही विचारता येतो.

कुठे फसते?

ही तीन कलमे एकमेकांवर दाब टाकतात. किमान रॉयल्टी फार जास्त ठेवली, तर उत्पादक ती भरण्यासाठी स्वस्त मिरची घेतो किंवा ठरलेल्या जिल्ह्याबाहेर माल ढकलतो. मग दर्जाचे कलम मोडायला मालकानेच भाग पाडलेले असते. त्यामुळे दर्जा मोडल्यास रॉयल्टी वेळेवर येत असली तरी करार संपवता येईल, असे स्पष्ट लिहायला हवे. नोटीस किती दिवसांची, शिल्लक माल किती दिवसांत विकायचा, उरलेले पाऊच परत द्यायचे की नष्ट करायचे, हेही एकाच कागदावर असावे. नंतर पुरवणी करार केलाच, तर मतभेद झाल्यास कोणता कागद मानायचा, ते त्यात लिहावे. दोन कागदांवर दोन मुदती असल्या की काय होते, ते शीतपेयांच्या खटल्याने दाखवले आहे.

जालन्याच्या छोट्या उत्पादकांनी रॉयल्टीच्या टक्क्यावर जेवढी घासाघीस करावी, तेवढीच बॅच तपासणीच्या कलमावर करावी. टक्का पुढच्या वर्षी वाढवता येतो. नांदेडमध्ये बुरशी लागलेल्या पाकिटावर छापलेले नाव मात्र जालन्यात पुन्हा पहिल्यासारखे विकले जात नाही.