बायोला अठरा तास कशासाठी?

नीटच्या रिपीटर बॅचला या आठवड्यात एका क्लासने छापील वेळापत्रक वाटलं. आठवड्याला 36 तास घरचा अभ्यास. त्यात बायोलॉजी 18, केमिस्ट्री 9, फिजिक्स 9. पेपरात 720 पैकी 360 गुण बायोचे आणि उरलेल्या दोघांचे 180-180, म्हणून तासही त्याच प्रमाणात. सगळ्या वर्गाला हा एकच कागद, याचा मला संताप येतो.

त्याच बॅचमधल्या एका मुलीचा सराव पेपर मी पाहिला. बायोत तिला 294 गुण, म्हणजे गेले 66. केमिस्ट्रीत 111, गेले 69. फिजिक्समध्ये फक्त 57, गेले 123. छापील कागद तिला सर्वांत जास्त वेळ देतो तो ज्या विषयात तिचे सर्वांत कमी गुण गेले, त्याच विषयाला! विषयाचं वजन हे किती गुण मिळू शकतात ते सांगतं. त्यातले किती अजून मिळायचे आहेत ते सांगत नाही. गेलेल्या गुणांच्या प्रमाणात 36 तास वाटले तर फिजिक्सला 17, केमिस्ट्रीला साडेनऊ आणि बायोला जेमतेम नऊ येतात.

पण हे गणितही जसंच्या तसं वापरू नये. बायो हा पाठांतराचा विषय. एनसीईआरटीची ओळ महिनाभर डोळ्यांखालून गेली नाही तर ती निसटते, आणि हातातले 294 घसरतात. म्हणून बायोला रोज दोन तास ठेवायचेच. सहा दिवसांचे बारा झाले. केमिस्ट्रीला दहा, फिजिक्सला चौदा.

हे चौदा तास कुठे घालायचे, ते फिजिक्सच्या उत्तरांतच दिसतं. 45 पैकी 18 बरोबर, 15 चूक, 12 सोडलेले. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे चार गुण जातात, वर एक कापला जातो. म्हणजे चुकांनी 75 नेले, सोडलेल्यांनी 48. चुकलेल्या पंधरांपैकी आठ प्रश्नांत सूत्र बरोबर होतं, चूक झाली ती आकडेमोडीत किंवा एककात. तेव्हा निम्मे तास जुने प्रश्न घड्याळ लावून पुन्हा सोडवायला. नवा धडा घ्यायचाच तर आधी विद्युतधारा आणि आधुनिक भौतिकी. परिवलन गती नंतर. ती वेळ फार खाते.

रविवार या 36 तासांबाहेर. दुपारी दोनला, खऱ्या परीक्षेच्या वेळी, पूर्ण पेपर आणि संध्याकाळी चुकांची वही. या वहीबद्दल मी पुन्हा पुन्हा लिहितो, कारण तिच्याशिवाय पुढच्या आठवड्याचे तास ठरवायला काही आधारच उरत नाही. तीन रविवारांनंतर फिजिक्समधले चूक प्रश्न घटून बरोबर वाढले असतील तर वाटणी लागू पडते आहे. आता नवे धडे वाढवावेत. बायो 280च्या खाली आलं, तर फिजिक्समधले दोन तास लगेच तिकडे वळवावेत.