पाळीत अंगावरून जास्त जाते तेव्हा

सौंदडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. वय 38. पाळी आठ दिवस चालते, गाठी पडतात, पहिले तीन दिवस तासाला घडी बदलावी लागते, आणि रोवणीत बांधीत उतरणे होत नाही. दुकानातून ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली, गुण आला नाही. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : "मला सिकलसेल निघाला आहे."

ताई, ही ओळ तुम्ही आधी लिहायला हवी होती.

ही गोळी हार्मोनची नाही. रक्त थांबते ते बारीक धाग्यांची जाळी बनून. बांधाचे भोक चिखलाने बुजवावे, तसे. शरीरातच ही जाळी विरघळवणारा एक रस असतो. ज्यांना जास्त जाते त्यांच्या गर्भाशयात तो फार जोर करतो. गोळी त्याला जाळीला चिकटू देत नाही. बुजलेले भोक बुजलेलेच राहते आणि रक्त साधारण निम्म्यावर येते. पाळी मात्र वेळेवरच येते.

तुम्हाला गुण का आला नाही? जोराचे दिवस निघून गेल्यावर, तेही थोडी थोडी घेतली म्हणून. डॉक्टर सहसा 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा देतात, जास्त जायला लागताच सुरू करून, चार दिवसांपुरत्या.

पण म्हणून तुम्ही मात्रा वाढवू नका! सिकलसेलच्या रोग्याचे रक्त नसांत आधीच लवकर गोठते, आणि गोळी ती गुठळी विरघळू देत नाही. तुम्ही रोगी की नुसत्या वाहक, हे तपासणीच्या कागदावर असते. वाहक बाईला ही गोळी सरसकट बंद नसते, तरी डॉक्टरांना सांगावेच. पूर्वी पायात, फुप्फुसात गुठळी झालेली किंवा लकवा मारलेला असेल, फिट येत असेल, तर ही गोळी आपल्या मनाने घेऊ नये. पाळणा लांबवण्याची हार्मोनची गोळी चालू असेल, मूत्रपिंड अधू असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तरीही नाही. गोळी चालू असता एक पाय सुजून दुखला, छातीत दुखले, दम लागला, तर ती थांबवून तडक दवाखाना गाठावा.

दुसरे औषध मेफेनॅमिक ॲसिड. ते जेवणानंतर, पाळीपुरतेच घ्यायचे. दुखणे चांगले थांबते, रक्त मात्र ट्रानेक्झॅमिकपेक्षा कमी आटोक्यात येते. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दुखण्याच्या गोळीने वाढणारा दमा असेल तर ते चालत नाही. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडावर भार असतोच, म्हणून तुम्ही तेही विचारूनच घ्या. दुकानात दोन्ही औषधे एकाच गोळीत मिळतात. पट्टीवरची नावे वाचून घ्यावीत.

आणि एवढे का जाते, ते अजून कुणी पाहिलेलेच नाही. गर्भाशयात गाठ आहे का, थायरॉईड बिघडला आहे का, रक्त किती उरले आहे, हे आधी तपासायला हवे. रोवणी आटोपायची वाट पाहू नका. सिकलसेलचा कागद आणि उरलेली पट्टी घेऊन गोंदियाच्या बाई गंगाबाई महिला रुग्णालयात जा, आणि कागद पहिल्यांदा दाखवा.