शतपावलीचा हिशेब : दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर किती उतरते?

‘जेवल्यावर दहा मिनिटे चाला, साखर चाळीसने उतरते’ असे सांगणारे व्हिडिओ सध्या मोबाईलवर फिरत आहेत. पुराव्यादाखल त्यात ग्लुकोमीटरचे दोन आकडे असतात, एक न चालता घेतलेला आणि एक चालून घेतलेला. आमच्या ओपीडीतही मावळातले रुग्ण असे दोन आकडे घेऊन येतात. मूळ सल्ला चांगला आहे, पण दोन आकड्यांचा पुरावा कच्चा आहे.

जेवणातला भात-भाकरी साखर होऊन रक्तात उतरू लागते, तेव्हाच मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू काम करू लागले तर ते ही साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता थेट उचलतात. मधुमेहात इन्सुलिनचे काम मंदावलेले असले, तरी ही दुसरी वाट बरीचशी उघडी असते. म्हणून चालण्याची वेळ महत्त्वाची.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये हे तपासले. टाइप-२ मधुमेहाच्या ४१ जणांना दोन आठवडे दिवसातून एकदा, सोयीच्या वेळी, ३० मिनिटे चालायला सांगितले आणि दुसरे दोन आठवडे तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे. एकूण चालणे तेवढेच होते. तरी दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखरेची चढ सरासरी १२ टक्के आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के कमी दिसली. आपली शतपावली अक्षरशः शंभर पावलांची केली तर एका मिनिटात संपते. दहा मिनिटांत साधारण हजार पावले होतात.

आता स्वतःवर याची परीक्षा कशी घ्यावी? आधी ग्लुकोमीटरची मर्यादा ओळखा. शंभरच्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे होणे मानकानुसार चालते. म्हणजे खरी साखर २०० असेल, तर यंत्र १७० किंवा २३० दाखवू शकते. त्यामुळे एका जोडीवरून काहीच ठरत नाही.

रात्रीचे एकच जेवण ठरवा. उदाहरणार्थ, इंद्रायणी तांदळाचा मोजून एक वाटी भात, आमटी, एक पोळी आणि भाजी. आठ रात्री हेच जेवण, याच वेळी, नेहमीच्या गोळ्यांसह घ्या. चार चिठ्ठ्यांवर ‘चालणे’ आणि चारवर ‘बसणे’ लिहून घडी घाला आणि रोज जेवणानंतर एक काढा. मनावर सोडले, तर लोणावळ्याच्या पावसात कोरड्या संध्याकाळीच चालणे होईल, आणि त्या दिवशी इतरही हालचाल जास्त झालेली असेल. पाऊस असेल तर घरात किंवा ओसरीवर चाला. जेवण संपल्यावर लगेच, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने.

साखर दोनदा मोजायची : जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी. हात साबणाने धुवून कोरडे करा, बोटाला फळाचा रस लागला असेल तर आकडा खोटा वाढतो. मोजण्याआधीचा अर्धा तास मात्र दोन्ही प्रकारच्या रात्री बसून राहा. मग ‘नंतरचा’ आकडा वजा ‘आधीचा’, म्हणजे चढ, लिहून ठेवा. सुरुवात १२० ने झाली की १४० ने, हा फरक त्यामुळे बाजूला पडतो.

समजा, बसलेल्या रात्रींची चढ ८४, ७१, ९६, ७७ आली आणि चाललेल्या रात्रींची ६२, ७५, ५५, ६४. सरासरी ८२ आणि ६४, फरक १८. यातली फक्त ९६ आणि ५५ ही जोडी उचलली तर ४१ चा चमत्कार दिसतो. ७१ आणि ७५ उचलली तर चालणे उलट अपायकारक ठरते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. सरासरीतला फरक पाच-सातचाच असेल, तर तो यंत्राच्या चुकीतही बसतो, त्यावरून काही ठरवू नका. शिवाय साखरेचे शिखर बहुधा तासा-दीड तासात येऊन जाते, त्यामुळे चालण्याचा काही लाभ दोन तासांच्या मोजणीत निसटतो. पट्ट्या परवडत असतील तर एका तासालाही मोजा.

अठराचा फरक चांगला आहे, पण गोळी बंद करण्याएवढा नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर चालताना घाम, थरथर, गरगरणे जाणवताच थांबून साखर मोजा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पायाला जखम असेल, जेवल्यावर छातीत दडपण येत असेल किंवा उठताना भोवळ येत असेल, तर ही परीक्षा सुरू करण्याआधी दवाखान्यात दाखवा. बाकीच्यांनी आठ रात्रींचा कागद पुढच्या तपासणीला सोबत आणावा. औषधाचा डोस ठरवताना तो आम्हाला एकट्या पीपीच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.