फसलेल्या कामाचे टिपण

धारगळच्या एका तरुण अभियंत्याने आपल्या फसलेल्या पाणीयोजनेवरील टिपण छापावयास देण्यापूर्वी आम्हांस दाखविले. आरंभ असा: "मालकाने पैसा वाचविला, म्हणून विहीर आटली." वाक्य झोंबणारे खरे, पण त्यातून कोणी काय शिकावे? आम्ही विचारले, "विहिरीची चाचणी केव्हा घेतली?" "श्रावणात." तेव्हा तर विहीर काठोकाठ भरलेली! मग त्याने लिहिले: "पंपाने उपसल्यावर पाणी किती वेळात पुन्हा चढते, ही चाचणी मी श्रावणात घेतली, ती वैशाखात घ्यावयास हवी होती." मालकाचे नाव व खर्चाचे आकडे गाळले आणि मसुदा आधी मालकांनाच दाखविला. त्यांनी एकच शब्द बदलला. 'मी' खोडून 'आम्ही' लिहिले.