रोजचे पंचवीस किलो

एका वसतिगृहाच्या खानावळीमागे कंपोस्टची टाकी आहे. शेजारी वजनकाटा आणि खिळ्याला अडकवलेले रजिस्टर. त्यातले जुलैचे पान पाहावे. सोमवारी २५ किलो, मंगळवारी २५, गोडाच्या जेवणाच्या रविवारीही २५. आषाढी एकादशीला निम्म्या मुलांचा उपवास, तरी २५. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत उतरवलेल्या. त्या दिवसांत काट्यावर बादली चढलीच नाही.

टाकीत किती भुसा टाकायचा, हे याच आकड्यावरून ठरते. भात-आमटीचे उष्टे ओले आणि चिकट. ते दबून बसते आणि हवा कोंडते. म्हणून प्रत्येक बादलीमागे निदान तेवढाच बादलीभर सुका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा लागतो. चाळीस किलो येऊन पडले आणि भुसा पंचविसाच्या हिशेबाने पडला, की दोन-चार दिवसांत आंबूस वास सुटतो, तळातून काळे पाणी झिरपते. मूठभर मिश्रण दाबले तर हात नुसता ओलसर व्हावा. इथे पाण्याची धार लागते. मग टाकीला झाकण लागते आणि खत ‘जमत नाही’ असे ठरते.

वजन खरे असले, तरी एका बेरजेने भागत नाही. बादल्या तीन हव्यात: चिरताना निघालेल्या साली-देठांची, पातेल्यात उरलेल्या अन्नाची आणि ताटातल्या उष्ट्याची. उष्टे आधी जाळीत निथळू द्यावे, नाहीतर ताटात धुतलेल्या हाताचे पाणीही किलोंत धरले जाते. रिकाम्या बादलीचे वजन वजा करावे.

समजा, दोनशे मुलांच्या खानावळीत शनिवारी रात्री चाळीस किलो भरले. साली १४, ताटातले ८, पातेल्यातले १८. ताटातले त्या रात्री जेवलेल्या मुलांमागे माणशी साधारण साठ ग्रॅम होते, म्हणजे जेमतेम दोन-तीन घास. भिंतीवर ‘अन्न वाया घालवू नका’ अशी पाटी लावून त्यात फारसा फरक पडणार नाही. खरी गोष्ट त्या अठरा किलोंत आहे. साठ-सत्तर मुले दुपारीच घरी गेली आणि कणीक मात्र दोनशेंची मळली गेली. शनिवारी सकाळी नाश्त्यालाच रात्रीच्या जेवणाची हजेरी घेतली, तर हे अन्न शिजणारच नाही. पंचवीसच्या रांगेत हे कुणाला दिसणार?

म्हणून रजिस्टर कंत्राटदाराच्या माणसाकडे असता कामा नये. जास्त शिजल्याचा हिशेब त्याच्याच मालकावर निघतो. वजन मुलांनीच पाळीपाळीने, रात्रीची पंगत उठल्यावर आणि बादल्या टाकीत रित्या होण्याआधी करावे. सही दोघांची असावी. ज्या रात्री वजन राहून गेले, तो रकाना कोरा सोडावा.